सारखाच दिसणारा पत्ता : यात चूक कुठे आहे ते दाखवा

हळदीचं पेव (सांगली)

मंडळी, गेल्या मंगळवारची गोष्ट. आमचे अण्णा म्हणजे माझे सासरे, वय ७६. पुण्याहून दिरांनी त्यांचा नवा चष्मा पोस्टाने पाठवला होता, त्याची वाट बघत होते. दुपारी जेवण झाल्यावर मोबाईलवर मेसेज आला. तुमचं पार्सल गोदामात आलंय, पत्ता अपुरा असल्यामुळे पोचवता येत नाही, १२ तासांत पत्ता दुरुस्त करा. खाली लिंक.

अण्णा भोळे नाहीत. जन्मभर हळदीच्या अडतीवर बसलेत, पावतीवरचा आकडा दोनदा वाचल्याशिवाय सही करत नाहीत. त्यांनी लिंक मोठ्याने वाचून दाखवली, मी शेजारी भांडी पुसत होते. मीही वाकून बघितलं. बरोबर वाटलं. पान उघडलं तर टपाल खात्याचं तेच लाल-पिवळं चिन्ह, नाव, पिनकोड ४१६४१६ आणि पुन्हा पाठवायचे २५ रुपये. कार्डाचा नंबर घातला, ओटीपी आला, तो घातला. २५ ऐवजी २४,९०० गेले.

नंतर ओटीपीचा मेसेज बघितला तर त्यात रक्कम स्पष्ट लिहिली होती. पण अण्णांचा जुना चष्मा असा की त्यांनी फक्त सहा आकडे टिपून घेतले. सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरला फोन केला, बँकेला सांगून कार्ड बंद केलं. ते सगळं चालू आहे, त्याबद्दल विचारत नाही.

माझा प्रश्न वेगळा आहे. आम्ही दोघांनी पत्ता वाचला होता, तरी फसलो. पत्ता असा होता, शेवटचा तुकडा तेवढा मी बदललाय, म्हणजे कुणी चुकून दाबला तरी काही उघडणार नाही :

lndiapost-redelivery.example

यात नेमकं काय चुकलंय? मला अजून दिसत नाही. आणि डोळ्यांनी ओळखायची काही रीत असते का?

---

भडंगवाला

लिंक दाबायचीच नाही. विषय संपला. धाग्याला कुलूप लावा.

---

हळदीचं पेव

@भडंगवाला, दादा, पार्सल खरोखर यायचं होतं. आणि खऱ्या मेसेजमध्येही लिंक येतेच की. गॅसची येते, विजेच्या बिलाची येते. काहीच दाबायचं नाही तर मोबाईल पेवात पुरून ठेवू का?

---

खणभागातला

अगदी जिव्हाळ्याचा विषय काढलात. आमच्या गल्लीत एकाच आडनावाची तीन घरं, दोघांचा घर नंबर सारखा, फक्त एकाला 'अ' लावलाय. माझं पार्सल कायम शेजारी जातंय. गेल्या महिन्यात माझे बूट शेजाऱ्याच्या पोरानं चार दिवस घालून मग परत दिले. सारखे दिसणारे पत्ते हा नगरपालिकेपासून चालत आलेला घोळ आहे, यावर कुणीच काही करत नाही.

---

भडंगवाला

@खणभागातला, आवो काका, ते वेबसाइटच्या पत्त्याबद्दल बोलतायत. बुटाचं बघू नंतर.

---

यवतेश्वरचा वारा (सातारा)

ताई, पहिलं अक्षर बघा. तुम्हाला ते इंग्रजी कॅपिटल आय वाटतंय. ते आय नाही, एल आहे, छोटा एल. शब्द 'इंडियापोस्ट' नसून 'एलएनडियापोस्ट' आहे. मेसेजच्या साध्या फॉन्टमध्ये दोन्ही म्हणजे नुसती उभी काठी. तुमच्या अण्णांचा आणि तुमचा डोळा चुकला नाही, त्या फॉन्टमध्ये फरकच काढलेला नाही. खाली दोन्ही वेगळ्या फॉन्टमध्ये लिहितो, आता बघा :

```
lndiapost
Indiapost
```

आता यातली गंमत सांगतो, कारण ओळखायची खूण तिथेच आहे. वेबसाइटच्या नावात लहान-मोठ्या लिपीचा फरक धरत नाहीत, आणि ब्राउझर पान उघडलं की वरच्या पट्टीत ते नाव सगळं लहान अक्षरांत दाखवतो. म्हणजे खऱ्या इंडियापोस्टच्या पहिल्या आय चं पट्टीत टिंबवालं `i` होतं. इथं मात्र तो एल, आणि एल लहानच आहे, तो तसाच राहतो. म्हणून पट्टीत पहिल्या अक्षराच्या डोक्यावर टिंब नव्हतं. मेसेजमध्ये कॅपिटल आय असू शकतो, पट्टीत कधीच नसतो. पट्टीत बिनटिंबाची उभी काठी दिसली की ती एल किंवा एकचा आकडा, आय नव्हे.

उलटही करतात. ज्या नावात खरा एल आहे तिथे मेसेजमध्ये कॅपिटल आय घालतात. तो मेसेजमध्ये ओळखू येत नाही, पण पान उघडलं की पट्टीत त्याचं टिंबवालं `i` होतं आणि सोंग उघडं पडतं. तुमच्या भामट्याने पहिला प्रकार वापरला.

---

हळदीचं पेव

बाई गं. आता दिसलं! आणि एकदा दिसल्यावर आता तेच दिसतंय.

अण्णांना दाखवलं. ते म्हणाले, "टिंब नव्हतं होय! काजू म्हणून चिंचोका विकला की रं."

---

मिरज जंक्शन

एवढं टिंब बघत बसायची गरज नाही. पत्त्याआधी कुलपाचं चिन्ह आणि https असलं की साइट अधिकृत असते. कुलूप नसेल तर मागे फिरायचं. मी दहा वर्षं असंच करतोय, एक रुपया गेला नाही.

---

यवतेश्वरचा वारा

@मिरज जंक्शन, निम्मं बरोबर आहे. कुलूप नसलेल्या पानावर कार्ड घालू नये, हे खरं. पण कुलूप आहे म्हणून साइट खरी, हे नाही. त्या कुलपाचा अर्थ एवढाच की तुमचं आणि त्या साइटचं बोलणं मधल्या कुणाला ऐकू येत नाही. समोर कोण बसलाय ते कुलूप सांगत नाही. भामट्यालाही त्या कुलपासाठी लागणारं प्रमाणपत्र फुकट आणि काही मिनिटांत मिळतं, आणि तो घेतोच. लोकांचा हाच गैरसमज बघून क्रोमने २०२३ मध्ये पट्टीतलं कुलूप काढून तिथे साधं सेटिंगचं चिन्ह ठेवलं.

तुमचे पैसे गेले नाहीत ते कुलपामुळे नव्हे, तुम्ही मिरजेचे असल्यामुळे.

---

मिरज जंक्शन

हा हा. पण क्रोममधलं कुलूप कधी गेलं हे मला खरंच कळलं नव्हतं. आत्ता उघडून बघितलं. मग दहा वर्षं नाही, आठ म्हणा. पुढं मी काय बघत होतो देव जाणे.

---

खिळेजुळारी

मी सांगलीत छापखान्यात काम केलं, खिळे जुळवायचा काळ होता तो. संगणकातलं मला फार कळत नाही, पण ही भानगड आमच्याकडे रोजची होती म्हणून लिहितो.

मराठीत 'ख' आणि 'रव' हे बघा. जुन्या वळणाचा ख म्हणजे र च्या शेजारी व ठेवल्यासारखाच. 'दाखव' आणि 'दारवव' यात नव्या पोराचा हमखास घोटाळा. म्हणून तर पुढे प्रमाण लिपीत ख चा खालचा भाग जोडून लिहायला लागले. घ आणि ध, भ आणि म ही आणखी जोडपी. मुद्रितं तपासताना आम्हाला शिकवलं होतं की शब्द वाचायचा नाही, अक्षरं वाचायची. माणूस शब्द वाचायला लागला की त्याला जे अपेक्षित आहे तेच दिसतं. म्हणून दोघं बसायचो. एक मूळ प्रत अक्षर-अक्षर मोठ्याने वाचणार, दुसरा मुद्रितावर बोट ठेवणार. नावाच्या बाबतीत तर हमखास.

ताईंच्या अण्णांनी मोठ्याने वाचलं, पण शब्द वाचला. तरी मला एक शंका आहे. अक्षर-अक्षर वाचलं असतं तरी त्या काठीला ते आयच म्हणाले असते, नाही का?

---

यवतेश्वरचा वारा

@खिळेजुळारी, काका, लाख बोललात. आणि तुमचा 'रव' तर जसाच्या तसा इंग्रजीत आहे : `r` ला `n` चिकटवला की लांबून `m` दिसतो. समजा तुमच्या बँकेची साइट `amchibank.com` आहे. भामटा घेतो :

```
amchibank.com
arnchibank.com
```

इथे वेगळं दिसतंय, कारण या फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराला सारखी जागा आहे. मेसेजच्या फॉन्टमध्ये अक्षरं अंगाला अंग लावून बसतात, तिथे चाळिशीतल्या माणसालाही m च वाटेल. दोन `v` मिळून `w`, `c` आणि `l` मिळून `d`, ही त्याच घरातली भावंडं.

आणि हो, तुमची शंका रास्त आहे. काठीचं सोंग मोठ्याने वाचून पकडता येत नाही. त्याला डोळा चालत नाही, दुसरं काहीतरी लागतं.

---

कंदी पेढा (सातारा)

मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. हे एल-आय वगैरे जुनं झालं. आताचे भामटे रशियन अक्षरं वापरतात. रशियन लिपीतला 'a' आणि इंग्रजी 'a' डोळ्याला शंभर टक्के सारखे असतात, बहुतेक फॉन्टमध्ये. त्यामुळे कुणीही ओळखू शकत नाही. एकच उपाय, सगळ्या लिंक बंद. शेवटी भडंगवाल्यांचंच बरोबर.

---

भडंगवाला

साताऱ्याच्या माणसाने सांगलीकराला बरोबर म्हटलं! धागा जपून ठेवा.

---

यवतेश्वरचा वारा

@कंदी पेढा, अक्षरं सारखी दिसतात हे खरं, 'कुणीही ओळखू शकत नाही' हे नाही. जरा सावकाश सांगतो.

रशियन, म्हणजे सिरिलिक लिपीतला а हा संगणकाच्या लेखी वेगळाच प्राणी. प्रत्येक अक्षराला एक क्रमांक असतो. आपल्या कीबोर्डवरचा a म्हणजे 61, सिरिलिक а म्हणजे 430, सोळाच्या पटीतल्या मोजणीत. लॅपटॉपवर पायथॉन असेल तर हे करून बघ :

```
for c in "аpple":
    print(c, hex(ord(c)))
```

पहिल्या ओळीत `0x430` येईल, कारण तो а मी सिरिलिक टाकलाय. बाकीची चार अक्षरं साधी.

आता वेबसाइटच्या नावात अशी परकी अक्षरं थेट जात नाहीत. त्यांचं आधी साध्या अक्षरांत रूपांतर होतं आणि त्याची सुरुवात `xn--` ने होते. वरच्या नावाचं खरं रूप `xn--pple-43d.com`. क्रोमचा नियम असा की एकाच नावात लॅटिन आणि सिरिलिक मिसळलेलं दिसलं की तो पट्टीत सुंदर रूप न दाखवता हे वाकडं `xn--` रूपच दाखवतो. म्हणजे तू म्हणतोस तो मिसळीचा प्रकार मेसेजमध्ये ओळखू येत नाही, पण ब्राउझरच्या पट्टीत उघडा पडतो.

मग पळवाट काय निघाली? मिसळायचंच नाही, सगळी अक्षरं सिरिलिक घ्यायची. एप्रिल २०१७ मध्ये झेंग नावाच्या संशोधकाने तेच करून दाखवलं. `xn--80ak6aa92e.com` हे नाव त्याने घेतलं, आणि तेव्हाच्या क्रोम आणि फायरफॉक्समध्ये पट्टीत ते चक्क apple.com दिसायचं, कुलपासकट. क्रोमने ५८ व्या आवृत्तीत ते बंद केलं. फायरफॉक्स वापरत असाल तर `about:config` मध्ये जाऊन `network.IDN_show_punycode` ला `true` करा, म्हणजे तिथेही वाकडं रूपच दिसेल. आपल्या .भारतच्या साइटही मग वाकड्या दिसतील, तेवढी किंमत आहे.

आणि गंमत ही की ब्राउझर एवढे शहाणे झाल्यामुळे साध्या फसवणुकीला सिरिलिकचा खटाटोप परवडेनासा झालाय. एल आणि आर-एन यांना कुठलाच `xn--` लागत नाही, कारण ती अस्सल इंग्रजी अक्षरं आहेत. क्रोम कधी कधी 'तुम्हाला अमुक साइट म्हणायची होती का' असं विचारतो, पण ते प्रत्येक वेळी होईलच असं नाही, आणि छोट्या सहकारी बँकेच्या नावाला तर त्याची फार आशा धरू नका. तेव्हा जुनं झालं म्हणतोस तेच आज जास्त चालतंय. ताईंच्याच केसमध्ये बघ.

---

कंदी पेढा

ओके, मिसळीचं माहीत नव्हतं. पायथॉन चालवलं, खरंच ४३० आला. पण तुम्ही मला 'प्राणी' वगैरे शिकवण्याआधी सांगतो, सोळाच्या मोजणीला हेक्साडेसिमल म्हणतात. 😄

---

वाईची मेणवली

मी शाळेत कारकून आहे, पायथॉन-बियथॉन येत नाही. माझी युक्ती सांगते, कुणाला चुकीची वाटली तर सांगा.

मेसेज आला की मी लिंक दाबत नाही. मेसेजच्या ॲपमध्ये वर जो शोधायचा भिंग असतो तिथे स्वतःच्या हाताने खरं नाव टाइप करते. म्हणजे ताईंच्या बाबतीत `indiapost`. मोबाईल अक्षराचा आकार बघत नाही, अक्षर बघतो. तो मेसेज यादीत आला तर अक्षरं तरी खरी आहेत. नाही आला तर कुणीतरी अक्षर बदललंय. रशियन असो की एल असो की आर-एन, मला ओळखायची गरजच पडत नाही.

---

यवतेश्वरचा वारा

@वाईची मेणवली, वा! हे मला सुचलं नव्हतं. डोळ्याचं काम मशीनकडे दिलंत. दोन मर्यादा मात्र आहेत. मेसेजच्या मजकुरात इतरत्र खरं नाव लिहिलेलं असेल, तर लिंक खोटी असूनही मेसेज सापडेल. आणि नाव खरं असलं तरी त्याच्या मागे-पुढे काय जोडलंय ते यातून कळत नाही. `indiapost-redelivery` असतं, एल न लावता, तर तुमच्या शोधात तो मेसेज आला असता आणि साइट तरीही खोटीच असती.

लॅपटॉप असेल तर आणखी एक. लिंक न उघडता कॉपी करून शीटमध्ये A1 मध्ये टाका आणि शेजारी `=UPPER(A1)` लिहा. सगळं कॅपिटल झालं की `LNDIAPOST` आणि `ARNCHIBANK` ओरडून सांगतात. शून्य आणि ओ मात्र तिथेही फसवतील, आणि सिरिलिक А कॅपिटलमध्येही A सारखाच.

---

मिरज जंक्शन

मेणवलीताईंची युक्ती करून बघितली. माझ्या फोनवर खऱ्या बँकेच्या मेसेजमधली लिंकसुद्धा शोधात येत नाही. मग मी काय, बँकच खोटी समजायची?

---

वाईची मेणवली

अगोबाई, माझ्यात येतं. आधी एखाद्या खात्रीच्या मेसेजवर करून बघावं लागेल मग. तुमच्या फोनचं काय ते मला नाही सांगता येणार.

---

काउंटर नंबर तीन (सांगली)

सहकारी बँकेतून निवृत्त झालो आहे. ही सगळी अक्षरांची कसरत बँकांपुरती तरी आता मोडीत निघाली आहे, हे इथे कुणीच कसं लिहिलं नाही? रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केलं की भारतातल्या बँकांची साइट `bank.in` वरच असेल, आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सगळ्यांना तिथे जायला सांगितलं. हे नाव फक्त हैदराबादची आयडीआरबीटी ही संस्था देते, आणि फक्त बँकेलाच देते. सहकारी बँकाही त्यात आल्या. तेव्हा एल मोजू नका, पत्ता bank.in ने संपतो का तेवढं बघा. संपला तर खरा.

---

यवतेश्वरचा वारा

@काउंटर नंबर तीन, साहेब, बँकांसाठी यापेक्षा चांगली खूण नाही, मान्य. पण 'bank.in ने संपतो' एवढंच सांगितलं तर घात होईल. हे बघा :

```
amchi.bank.in
amchi-bank.in
amchibank.in
amchi.bank.in.kyc-update.example
```

पहिला खरा. दुसरा आणि तिसरा डोळ्याला bank.in नेच संपतात, पण bank च्या आधी टिंब नाही. दुसऱ्यात आडवी रेघ आहे, तिसऱ्यात काहीच नाही. ती साधी .in वरची नावं आहेत, आयडीआरबीटीचा त्यांच्याशी संबंध नाही. चौथ्यात bank.in आहे, पण शेवटी नाही, मध्ये आहे.

वाचायची रीत अशी. `https://` सोडून पुढे जा आणि एकेरी तिरकी रेघ `/`, `?` किंवा `#` यातलं जे पहिलं येईल ते शोधा. यातलं काहीच नसेल तर पत्त्याचा शेवट धरा. तिथून डावीकडे उलटं चाला. पहिला तुकडा, टिंब, दुसरा तुकडा. ते दोन तुकडे `bank` आणि `in` असतील, आणि bank च्या डाव्या अंगाला लगेच टिंब असेल, तर तो बँकेचा. चौथा पत्ता असा वाचलात तर मालक निघतो `kyc-update.example`. त्याच्या डावीकडे मालक वाटेल ते लिहू शकतो, उद्या तुमचं नावही लिहील.

टपालाचंही तेच. खरी साइट `indiapost.gov.in`, आणि gov.in सरकारी खात्यांनाच मिळतं. पण `indiapost.gov.in-track.example/pay` असा पत्ता आला तर? in नंतर टिंब नाही, तिरकी रेघही नाही, आडवी रेघ आहे. म्हणजे मालक `in-track.example`. यात एकही अक्षर बदललेलं नाही बरं का. मेणवलीताईंचा शोधही याला पास करेल.

---

खिळेजुळारी

उजवीकडून डावीकडे म्हणता ते मला पटलं. खिळे उलटे असतात, उलटं वाचायची आम्हाला सवय. उलटं वाचलं की शब्द लागत नाही, म्हणून अक्षर दिसतं.

---

काउंटर नंबर तीन

टिंबाचा मुद्दा मान्य. वाक्य दुरुस्त करतो, 'bank च्या आधी टिंब'. पण म्हणून सामान्य खातेदाराला सिरिलिक शिकवायला जाऊ नका. तो काउंटरवर येऊन मलाच विचारायचा, साहेब हे टिंब कुठलं.

---

कृष्णाकाठची वांगी

आमचे पैसे बँकेत नाहीत, पतसंस्थेत आहेत. तिच्या साइटला bank.in नाही. म्हणजे आमची पतसंस्था खोटी का?

---

काउंटर नंबर तीन

@कृष्णाकाठची वांगी, नाही हो. पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. ती सहकार खात्याकडे नोंदलेली असते, रिझर्व्ह बँकेचा परवाना तिच्याकडे नसतो, म्हणून तिला bank.in मिळत नाही. उलट पतसंस्थेच्या नावाने कुणी bank.in चा पत्ता पाठवला तर आधी शाखेत जाऊन विचारा.

---

कृष्णाकाठची वांगी

म्हणजे ज्यांचे पैसे बँकेत त्यांना टिंब, आणि आम्ही परत एल मोजत बसायचं. आमच्याकडच्या निम्म्या लोकांचे पैसे पतसंस्थेत आहेत, त्यांचं काय?

---

यवतेश्वरचा वारा

@कृष्णाकाठची वांगी, याला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. पासबुकावर छापलेला पत्ता एकदा हाताने टाइप करून ब्राउझरमध्ये खूण करून ठेवा आणि कायम त्या खुणेवरूनच जा. पासवर्ड फोनमध्ये साठवत असाल तर तो आपोआप भरला जातो का ते बघा. साठवलेला पासवर्ड ज्या पत्त्याचा, तिथेच फोन तो पुढे करतो. काठीला काठी म्हणून तो फसत नाही. जिथे रोज आपोआप भरतो तिथे एक दिवस भरला नाही, तर हाताने भरायला जाऊ नका, आधी पट्टी बघा. कार्डाच्या नंबरला मात्र हा उपाय लागू नाही, तो कुठल्याही पानावर पुढे होतो.

---

भडंगवाला

एवढं सगळं वाचून माझा पहिला प्रतिसाद मला अजून आवडतो.

---

हळदीचं पेव

परत मूळ मुद्द्यावर येते, कारण काल रात्री घरी याची परीक्षाच झाली.

यवतेश्वरांनी सांगितलेले पत्ते मी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिले, दहा. पाच खरे, पाच खोटे. अण्णांना दिले. त्यांनी जुळारी काकांसारखं उजवीकडून बोट ठेवून वाचलं. टिंबाचे आणि आडव्या रेघेचे सगळे पकडले. `arnchibank` पण पकडला. हेच दहा पत्ते मी मेसेज करून त्यांच्या फोनवर पाठवले तर टिंबाचे पकडले, आर-एन चा सुटला, आणि एल चा तर मलासुद्धा ओळखू आला नाही, मी स्वतः लिहिलेला असून. फोनचा फॉन्ट मोठा केला तरी काठी ती काठीच, नुसती उंच झाली.

तेव्हा आमच्या घरापुरतं असं ठरलंय. पोस्टाचा मेसेज आला तर लिंककडे बघायचंच नाही. पाठवणाऱ्याकडून पावतीवरचा नंबर घ्यायचा, दोन अक्षरं, नऊ आकडे आणि शेवटी IN. मग indiapost.gov.in हाताने टाइप करून तिथे तो टाकायचा. त्या मेसेजमध्ये असा नंबर कुठे नव्हताच, हे आता लक्षात येतंय. बँकेसाठी टिंब. ओटीपी आला की आकडे टिपायच्या आधी रक्कम मोठ्याने वाचायची, हे अण्णांनी स्वतःच ठरवलंय.

पैशांचं अजून काही कळलं नाही. बँक म्हणते ओटीपी तुम्हीच दिलात. तक्रार चालू आहे.

---

काउंटर नंबर तीन

@हळदीचं पेव, ताई, बँकेला तक्रार कितीला कळवली त्याची वेळ आणि तक्रार क्रमांक लेखी घेतलाय ना? कळवल्यानंतर कार्डावरून आणखी काही गेलं असेल तर ते बँकेने सोसायचं असतं. आधीच्या रकमेबद्दल ओटीपी दिला म्हटल्यावर वाद होतो, मी खोटी आशा लावत नाही.

---

हळदीचं पेव

घेतलाय. पावणेचारला कळवलं, त्यानंतर काही गेलं नाही.

आणि चष्मा आज आला. पोस्टमन दारात उभे राहिले, अण्णांनी आधी त्यांनाच विचारलं, पत्ता अपुरा आहे का? ते म्हणाले, "आजोबा, पंधरा वर्षं येतोय मी, तुमचा पत्ता मला पाठ आहे." सही घेतली, पैसे काही मागितले नाहीत. अण्णांनी नवा चष्मा लावून आधी तो जुना मेसेज काढला आणि म्हणाले, "छ्या, अजून पण आयच दिसतंय."

---

खणभागातला

तुमचा पोस्टमन चांगला आहे. आमचा कालच माझं पाकीट परत शेजारी टाकून गेला. 'अ' ला टिंब लावून बघू का?